मूट कोर्टाच्या न्यायाधीशांच्या हातातले टिपण

२७ सप्टेंबर २०१४ हा महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीसाठी उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. दुपारी तीनला मुदत संपत होती. जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांचा अर्ज तीनच्या आत आला की नंतर, यावरून पुढे वाद उभा राहिला. खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका दाखल केली. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्या दिवशी व्हिडिओ कॅमेरे चालू होते. चित्रीकरणाच्या सीडी न्यायालयात आल्या, पण त्यांच्यासोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये सांगितलेले प्रमाणपत्र नव्हते. गोरंट्याल यांच्या बाजूने ते वारंवार मागितले गेले होते, सरकारी अधिकाऱ्यांनी दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयी आजवर सर्वांत जास्त उद्धृत होणाऱ्या निवाड्यांपैकी एक दिला.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निवाडा अभ्यासक्रमात भेटतोच. त्यातल्या प्रश्नांवर मूट कोर्टाच्या स्पर्धेसाठी समस्या रचणेही सोपे आहे. मूट कोर्ट म्हणजे विद्यार्थ्यांनी वकील होऊन काल्पनिक खटल्यात केलेला युक्तिवाद. समस्या काही आठवडे आधी जाहीर होते, संघ दोन्ही बाजूंची लेखी निवेदने तयार करतात आणि मग तीन न्यायाधीशांच्या पीठासमोर उभे राहतात. या न्यायाधीशांत कोणी दिवाणी वकिली करणारे असतात, कोणी कंपनी कायद्यातले, कोणी निवृत्त जिल्हा न्यायाधीश. सगळ्यांनीच इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे ताजे निवाडे वाचलेले असतात असे नाही, आणि समोरचा विद्यार्थी मात्र दोन महिने तेच वाचून आलेला असतो. म्हणून न्यायाधीशांपैकी एकाला, बहुधा त्या विषयात काम करणाऱ्याला, पीठासाठी एक टिपण लिहावे लागते. त्यालाच बेंच मेमो म्हणतात. त्यात खटल्याची हकिकत, वादाचे मुद्दे, प्रत्येक मुद्द्यावरचा कायदा आणि निवाडे, आणि दोन्ही बाजूंना विचारता येतील असे प्रश्न असतात. संघांना तो स्पर्धा संपेपर्यंत दाखवायचा नसतो.

असे टिपण कसे तयार होते हे पाहण्यासाठी जालन्याच्या निवाड्यावरून बेतलेली एक काल्पनिक समस्या घेऊ. एका गावातल्या सराफाच्या दुकानात ऑगस्ट २०२४ मध्ये रात्री चोरी होते. दुकानातल्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण डीव्हीआरमध्ये साठते आणि पंधरा दिवसांनी त्यावर नवे चित्रीकरण चढते. तपास अधिकारी तिसऱ्या दिवशी येऊन ते चित्रीकरण पेनड्राइव्हवर उतरवून घेतात, डीव्हीआर जप्त करत नाहीत. प्रमाणपत्राच्या पहिल्या भागावर सराफाची सही आहे. तज्ज्ञाने भरायचा दुसरा भाग कोरा आहे. खटल्यात पेनड्राइव्ह पुराव्यात दाखल होतो तेव्हा बचाव पक्षाचे वकील ‘हरकत नाही’ म्हणतात. आरोपीला ओळखण्याचा दुसरा कोणताही पुरावा नाही. सत्र न्यायालय शिक्षा देते. उच्च न्यायालय पेनड्राइव्ह वाचताच येणार नाही असे सांगून आरोपीला सोडते. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात अपील करते.

हकिकत लिहिताना पहिली कसोटी लागते. मेमो लिहिणाऱ्याने समस्येत असलेल्याच गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीसमोर समस्येतल्या परिच्छेदाचा क्रमांक द्यायचा. सराफाच्या सहीची तारीख समस्येत दिलेली नसेल, तर मेमोत तसे स्पष्ट नमूद करायचे. नाहीतर सुनावणीत एखादे न्यायाधीश ‘सही तर चोरीनंतर सहा महिन्यांनी केली ना?’ असे विचारून बसतात आणि विद्यार्थी बिचारा नसलेल्या तारखेचा बचाव करत राहतो. हकिकतीत निर्विवाद गोष्टी एका बाजूला आणि समस्या जिथे मुद्दाम गप्प आहे त्या गोष्टी दुसऱ्या बाजूला लिहिल्या, तर हा घोळ टळतो. आपल्या समस्येत पेनड्राइव्हवरच्या फाइलचे हॅश मूल्य कुठेही नाही. फाइलमध्ये एखादा बदल झाला असता तर तो या मूल्यावरून लगेच उघड झाला असता. ते का नाही, कोणी काढायचे होते, यावर समस्या काहीच सांगत नाही. हे मौन युक्तिवादाला खाद्य देते, म्हणून न्यायाधीशांना ते आधी माहीत असायला हवे.

मग मुद्दे. नवखा लेखक ‘इलेक्ट्रॉनिक पुरावा ग्राह्य आहे का?’ एवढाच मुद्दा लिहितो. इतका ढोबळ मुद्दा घेऊन कोणी नीट प्रश्न विचारू शकत नाही. मुद्दा असा लिहायचा की त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल आणि त्या उत्तराने अपिलाचा निकाल हलेल. इथे तसे दोन मुद्दे निघतात. एक, तज्ज्ञाची सही नसलेल्या प्रमाणपत्रावर पेनड्राइव्हवरची प्रत पुरावा म्हणून वाचता येते का? दोन, खटल्यात हरकत न घेणाऱ्या आरोपीला ती अपिलात पहिल्यांदा घेता येते का? पहिल्याचे उत्तर ‘येते’ असेल तर राज्य जिंकते आणि दुसऱ्या मुद्द्याची गरजच उरत नाही. पहिल्यावर राज्य हरले, तरी दुसऱ्यावर त्याला वाट आहे. मुद्द्यांचे हे एकमेकांवर अवलंबणे मेमोच्या पहिल्याच पानावर दोन-तीन वाक्यांत सांगितलेले असावे. त्यावरून न्यायाधीशांना कळते की राज्याच्या वकिलाने पहिल्या मुद्द्यावर बारा मिनिटे घालवली आणि दुसऱ्याला तीन ठेवली, तर वेळेची आखणी चुकली.

निवाड्यांची मांडणी हा मेमोचा सर्वांत कष्टाचा भाग. नुसती नावे देऊन उपयोग नसतो. कोणता निवाडा किती न्यायमूर्तींचा, तो आजही कायदा आहे का, आणि त्यात नेमके काय ठरले, या तीन गोष्टी प्रत्येक निवाड्यापुढे लागतात. या विषयात तर ते टाळताच येत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांत बऱ्याच वेळा दिशा बदलली आहे. संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात, नवज्योत संधू प्रकरणात, २००५ मध्ये दोन न्यायमूर्तींनी प्रमाणपत्राशिवायही अशा नोंदी इतर मार्गांनी सिद्ध करता येतात असे म्हटले होते. २०१४ मध्ये अनवर विरुद्ध बशीर या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते मोडून काढले आणि प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. २०१५ मध्ये तोमासो ब्रुनो प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी अनवरचा उल्लेखही न करता वेगळा सूर लावला. २०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी, ज्याच्या ताब्यात ते उपकरणच नाही अशा पक्षाला प्रमाणपत्रातून सूट दिली. अखेर जालन्याच्या प्रकरणात २०२० मध्ये अनवरच बरोबर ठरला, शफी मोहम्मद रद्द झाला आणि तोमासो ब्रुनोही या मुद्द्यावर बाद झाला.

हा सगळा क्रम मेमोत अर्ध्या पानात आला पाहिजे, कारण स्पर्धेत याच ठिकाणी गंमत होते. कोणीतरी विद्यार्थी आत्मविश्वासाने शफी मोहम्मदचा आधार देतो. इतर शाखेतून आलेल्या न्यायाधीशांना तो निवाडा रद्द झालेला आहे हे माहीत नसेल, तर तो युक्तिवाद चांगल्या गुणांनिशी पार पडतो, आणि रद्द झाल्याचे जाणून तो न वापरणाऱ्या प्रामाणिक संघावर अन्याय होतो. म्हणून मेमोत त्या नावापुढे ‘रद्द’ असे लिहून ठेवायचे. शिवाय एक सूचना हवी. कोणी तो निवाडा उद्धृत केला, तर लगेच चूक दाखवू नका, आधी ‘हा निवाडा आज कुठे उभा आहे?’ असे विचारा. विद्यार्थ्याने त्यातले तर्कशास्त्र पटवून देण्यासाठी तो मुद्दाम आणला असेल, तर ते तिथे कळते. त्याला त्याचे रद्द होणेच माहीत नसेल, तर तेही कळते.

जालन्याच्या निवाड्यातला दुसरा भाग या समस्येला आणखी जवळचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवूनही खोतकरांचे अपील फेटाळले. कारण समोरच्या पक्षाने प्रमाणपत्र मिळवण्यासाठी हाती होते ते सगळे केले होते, आणि जे शक्यच नाही ते करण्याची सक्ती कायदा करत नाही. हे तत्त्व आपल्या समस्येतल्या राज्याला लावून पाहिले की लगेच अडचण उभी राहते. राज्याने तज्ज्ञाकडे अर्जच केला नव्हता. डीव्हीआर पोलिसांच्या हाताशी असताना जप्त केला गेला नाही. जालन्यात दरवाजे ठोठावूनही प्रमाणपत्र मिळाले नाही, इथे दरवाजा ठोठावल्याची नोंदच नाही. निवाडा नुसता ओळखीचा असणारा विद्यार्थी तो राज्याच्या बाजूने वापरेल. नीट वाचलेला विद्यार्थी हा फरक सांभाळूनच वापरेल. मेमोने दोघांतला फरक न्यायाधीशांना दाखवून द्यायला हवा.

आता कायदाही बदलला आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. समस्येतली चोरी ऑगस्टमधली असल्याने नवाच कायदा लागतो. कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची अट कायम आहे, उलट कडक झाली आहे. उपकरणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीबरोबर आता तज्ज्ञाचीही सही लागते आणि अनुसूचीत दोन भागांचा नमुना दिलेला आहे. त्याच कायद्याच्या कलम ५७ ला मात्र नवी स्पष्टीकरणे जोडली गेली आहेत. योग्य ताब्यातून आलेली इलेक्ट्रॉनिक नोंद, तिच्यावर वाद नसेल तर, प्राथमिक पुरावा मानावी असे त्यांतले एक सांगते. एकाच वेळी किंवा एकामागून एक अशा अनेक फाइलींत साठवलेली नोंद असेल, तर प्रत्येक फाइल प्राथमिक पुरावा, असे दुसरे सांगते. राज्याचा वकील इथेच बोट ठेवणार: पेनड्राइव्हवरची प्रत नंतर साठवलेली फाइल आहे, म्हणजे तीही मूळच, मग प्रमाणपत्र कशाला? बचाव पक्ष उत्तर देणार की कलम ६१ ने इलेक्ट्रॉनिक नोंदीचे कायदेशीर वजन कलम ६३ च्या अधीन ठेवले आहे, आणि विशेष तरतूद सर्वसाधारण तरतुदीवर मात करते हेच तर अनवरने सांगितले होते.

यातले कोण बरोबर, हे मेमो लिहिणाऱ्याला मनातून वाटत असेल. लिहायचे मात्र नाही. आणि हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते. मत शब्दांत उतरले नाही तरी प्रश्नांतून डोकावते. एका बाजूचे प्रश्न मुद्दा पुढे न्यायला मदत करणारे आणि दुसऱ्या बाजूचे तिला कोंडीत पकडणारे झाले, तर पीठावरचे इतर दोघेही नकळत त्याच दिशेने झुकतात. ते तपासायला एक साधी रीत आहे. सगळे प्रश्न वेगळ्या कागदावर काढायचे, कोणासाठी आहेत ते झाकायचे आणि एखाद्या सहकाऱ्याला विचारायचे की यातले कोणते जास्त त्रासदायक वाटतात. त्रासदायक प्रश्न एकाच बाजूचे निघाले, तर फेरलेखन करायचे.

राज्याच्या वकिलाला पहिल्या मुद्द्यावर विचारायचा मुख्य प्रश्न असा: प्रत्येक प्रत प्राथमिक पुरावा ठरत असेल, तर संसदेने कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राची अट ठेवलीच कशासाठी? चांगले उत्तर ‘वाद असेल तिथे प्रमाणपत्र, वाद नसेल तिथे नाही’ या धर्तीवर यावे. ते आले, की पुढचा प्रश्न तयार ठेवायचा: मग वाद नव्हता हे कशावरून? बचावाच्या ‘हरकत नाही’वरून? म्हणजे तुमचा पहिला मुद्दा दुसऱ्यावर उभा आहे का? इथे विद्यार्थ्याला दोन मुद्द्यांमधले नाते समजले आहे की नाही, ते उघड होते.

आरोपीच्या वकिलाला तेवढ्याच वजनाचा प्रश्न: २०२३ मध्ये कायदा करताना संसदेला २०२० चा निवाडा माहीत होता असे मानायला हवे. तरीही तिने कलम ५७ ला ही स्पष्टीकरणे जोडली. मग जुन्या कायद्यावरचा निवाडा नव्या कायद्याला जसाच्या तसा कसा लावता? यावर तो म्हणेल की तीच संसद कलम ६३ मध्ये तज्ज्ञाची सही वाढवते, म्हणजे तिला अट सैल करायची नव्हती. त्यावर पुढचा प्रश्न: सराफाच्या सहीसह अर्धे भरलेले प्रमाणपत्र म्हणजे प्रमाणपत्रच नाही, की दुरुस्त होण्याजोगे अपुरे प्रमाणपत्र? या एका प्रश्नावर त्याची बाजू पुढे सरकू शकते किंवा अडकू शकते.

दुसऱ्या मुद्द्यावरचा मुख्य निवाडा सोनू विरुद्ध हरियाणा राज्य, २०१७ मधला, दोन न्यायमूर्तींचा. तिथे प्रमाणपत्राशिवाय मोबाइल कॉलच्या नोंदी पुराव्यात आल्या होत्या आणि खटल्यात कोणी आक्षेप घेतला नव्हता. न्यायालय म्हणाले की ही त्रुटी पुरावा सिद्ध करण्याच्या पद्धतीची आहे. वेळेवर हरकत घेतली असती तर सरकार पक्षाला ती दुरुस्त करता आली असती, म्हणून अपिलात पहिल्यांदा घेता येणार नाही. दुसरीकडे जालन्याच्या निवाड्यात तीन न्यायमूर्तींनी प्रमाणपत्र ही पुरावा ग्राह्य होण्याची पूर्वअट ठरवली. पूर्वअटच पुरी नसेल तर पक्षकाराच्या गप्प बसण्याने अग्राह्य पुरावा ग्राह्य होतो का?

या मुद्द्यावर समस्येत एक धारदार कोपरा दडला आहे आणि मेमोने तो ठळक करायला हवा. सोनूचा आधार ‘वेळीच हरकत घेतली असती तर दुरुस्ती झाली असती’ हा आहे. आपल्या समस्येत खटला सुरू होईपर्यंत डीव्हीआरवरचे मूळ चित्रीकरण पुसले गेले होते. मग हरकत घेतली असती तरी काय दुरुस्त झाले असते? आरोपीच्या वकिलाला हे उत्तर सोयीचे आहे. पण राज्याचा हुशार वकील म्हणेल की मूळ गेले तरी पेनड्राइव्हवरची फाइल तज्ज्ञाला तपासता आली असती, त्याची सही आणि हॅश मूल्य खटल्यातच मिळाले असते, आणि जालन्याच्या निवाड्यानेही खटल्याचे कामकाज संपेपर्यंत योग्य प्रसंगी प्रमाणपत्र मागवायला न्यायालयाला मोकळीक दिली आहे. आरोपी यावर म्हणेल की तज्ज्ञ पेनड्राइव्हवरच्या फाइलविषयी सांगेल, ती डीव्हीआरमधून जशीच्या तशी आली की नाही ते त्याला कसे कळणार? असा प्रश्न दोन्ही बाजूंना उलटसुलट विचारता येतो, आणि त्याचे एकच बरोबर उत्तर नसते. मेमोत असे दोन प्रश्न जरी सापडले तरी पीठाला पूर्ण फेरी पुरतात.

लांबीचे पथ्य पाळावेच लागते. न्यायाधीश हा कागद बहुधा चहा घेताना, सुनावणीच्या अर्धा तास आधी वाचतात. पहिल्या पानावर हकिकत आणि मुद्दे, मग प्रत्येक मुद्द्याला दोन-अडीच पाने, शेवटी निवाड्यांचा एका पानाचा तक्ता, एवढ्यात सगळे बसवायचे. एकेका वक्त्याला पंधराच मिनिटे असतील तर प्रत्येक बाजूला प्रत्येक मुद्द्यावर तीन-चार मुख्य प्रश्न भरपूर झाले. पंचवीस प्रश्नांची जंत्री दिली की न्यायाधीश ती क्रमाने वाचत सुटतात आणि विद्यार्थी काय म्हणाला ते ऐकायचे राहून जाते. म्हणून प्रत्येक मुख्य प्रश्नाखाली ‘उत्तर असे आले तर हा पुढचा प्रश्न, तसे आले तर तो’ एवढे लिहिले तर टिपण सुनावणीत उपयोगी पडते.

आणखी एक ओळ प्रत्येक मेमोत ठळक हवी: यात नसलेला निवाडा चुकीचा समजू नये. चांगले संघ कधीकधी मेमो लिहिणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला उच्च न्यायालयाचा निवाडा घेऊन येतात. तो मेमोत नाही म्हणून गुण कापले गेले, तर जास्त वाचण्याचीच शिक्षा झाली. अशा वेळी पीठाने निवाड्याची प्रत आणि परिच्छेद मागावा, त्यातले एक वाक्य वाचून दाखवायला सांगावे आणि त्यातल्या तथ्यांत व या समस्येत काय सारखे आहे ते विचारावे. ज्याने निवाडा खरोखर वाचला आहे तो तथ्यांवरून बोलू लागतो.

पहिल्या दिवशीच्या फेऱ्या झाल्या की मेमो पुन्हा हातात घ्यायचा असतो. कोणता प्रश्न कोणत्याच संघाला नीट समजला नाही, कोणत्या प्रश्नावर सगळे एकच पाठ केलेले उत्तर देत होते, हे पीठाच्या टिपांतून कळते. पहिल्या प्रकारच्या प्रश्नाची शब्दरचना बदलायची, दुसऱ्या प्रकारचा काढून टाकायचा. आपल्या समस्येत ‘प्रमाणपत्र अनिवार्य आहे का?’ हा प्रश्न असाच गळेल, कारण त्याचे उत्तर प्रत्येक संघ जालन्याच्या निवाड्याचे नाव घेऊन देईल. त्याच्या जागी, अंतिम फेरीसाठी, पेनड्राइव्हवरच्या फाइलविषयी तज्ज्ञ नेमके काय प्रमाणित करू शकतो हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाईल.